विश्लेषण : शी डायपरमध्येच! मुलाचा हट्ट की दुखण्याची धास्ती?

जून जवळ आला की मोहने-आंबिवली परिसरातल्या अनेक घरांत एकच घाई सुरू होते. नर्सरीचा प्रवेश झालेला असतो, आणि शाळा सुरू होण्याआधी मुलाचा डायपर सुटायला हवा असतो. शू सांगायला बरीच मुले लवकर शिकतात. गाडी अडते ती शीपाशी.

नमुन्यादाखल असे एक घर घेता येईल. मुलगा साडेतीन वर्षांचा. आई-वडील दोघेही सकाळी सातच्या सुमारास आंबिवलीहून लोकल पकडतात, दिवसभर मूल आजीजवळ. दिवसा तो चड्डीत राहतो, शू बाथरूममध्ये करतो. शी आली की मात्र डायपर मागतो, तो घालून दाराआड जातो आणि कपाटाला धरून उभ्याने करतो. डायपर दिला नाही तर तीन-तीन, चार-चार दिवस धरून ठेवतो. मग सुरू होते समजावणे, चॉकलेटचे आमिष, ‘शेजारची चिंगी बघ कशी जाते’, आणि शेवटी हाताला धरून कमोडवर बसवणे. मूल किंचाळते, आई रडकुंडीला येते, आजी म्हणते, ‘आमच्या वेळी असली थेरं नव्हती.’

हा प्रकार विरळा नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ ब्रूस टॉबमन यांनी १९९७ मध्ये ४८२ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील १०६ मुलांनी, म्हणजे साधारण पाचात एकाने, शू टॉयलेटमध्ये करत असतानाही शी तिथे करायला किमान महिनाभर नकार दिला होता. म्हणजे मोहन्यातल्या त्या आईला वाटते तसे तिचेच मूल जगावेगळे नाही.

आधी काय घडते?

घरच्यांच्या नजरेत क्रम असा असतो : मूल हट्टी आहे, म्हणून शी धरते, म्हणून ती कडक होते. टॉबमन आणि त्यांचे सहकारी नेथन ब्लम यांनी २००४ मध्ये हाच क्रम तपासला. ज्या मुलांना कडक शी आणि नकार दोन्ही होते, त्यांतील बहुतेकांमध्ये कडक शी आधी आली होती. नकार त्यानंतरचा.

यामागचे कारण सरळ आहे. कधीतरी ताप येतो, मूल पाणी कमी पिते किंवा दुधावरच राहते आणि एकदा शी कडक होते. ती करताना दुखते, कधी गुदद्वाराला बारीक चीर जाते. मूल एवढेच लक्षात ठेवते की शी बाहेर आली की दुखते. पुढच्या वेळी कळ आली की ते आवळून धरते. आत थांबलेल्या मळातले पाणी मोठे आतडे शोषत राहते, मळ आणखी कडक आणि मोठा होतो, आणि अखेर बाहेर येताना पहिल्यापेक्षा जास्त दुखतो. मुलाची भीती खरी ठरते. त्यात भर म्हणून कोणी जबरदस्तीने बसवले तर दुखण्याच्या जागेला भांडणाची जागाही जोडली जाते.

धरून ठेवणे ओळखता येते, पण बहुतेकदा ते उलटे वाचले जाते. मूल टाचा उचलून चवड्यांवर उभे राहते, पायांची कात्री करते, अंग ताठ करते, तोंड लाल होते. घरच्यांना वाटते, बिचारा जोर लावतोय. प्रत्यक्षात तो सगळा जोर शी बाहेर येऊ नये म्हणून असतो.

दुसरी फसगत याहून त्रासाची. मळ बरेच दिवस साठला की मलाशय ताणले जाते आणि भरल्याची जाणीव बोथट होते. कडक गोळ्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो आणि चड्डीला लागतो. घरात निदान होते ‘जुलाब’. मग शी घट्ट करणारे खाणे-औषध दिले जाते आणि मूळ दुखणे वाढते. चड्डीला रोज डाग आणि मधूनच प्रचंड मोठी शी, हे दोन्ही एकत्र दिसले तर ते जुलाब नसून बद्धकोष्ठता असण्याची शक्यता मोठी. मूल ते मुद्दाम करत नसते, त्यामुळे त्यासाठी ओरडणे केवळ अन्यायाचे आहे.

पहिले काम पोट मऊ करण्याचे

म्हणून टॉयलेटची शिकवणी काही आठवडे पूर्ण बंद ठेवावी आणि आधी शी मऊ करावी. दूध दिवसाला दोन कपांवर, म्हणजे साधारण अर्ध्या लिटरवर आणावे. बिस्किटांची जागा पेरू, पपई, भिजवलेले मनुके, पालेभाजी घातलेली भाकरी-पोळी यांना द्यावी. पण आठवडे-आठवडे धरून ठेवणाऱ्या मुलाचे पोट केवळ पपईने सुटत नाही, हेही मान्य करायला हवे. अशा मुलांना बालरोगतज्ज्ञ सहसा लॅक्टुलोज किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉल देतात. ही औषधे मळात पाणी धरून ठेवतात. ‘सवय लागेल’ या भीतीने पालक ती आठवड्यात थांबवतात आणि दुखणे परत येते. युरोप व उत्तर अमेरिकेतील बालपोटविकार तज्ज्ञांच्या संघटनांची २०१४ ची मार्गदर्शक सूचना सांगते की औषध किमान दोन महिने द्यावे, त्रास पूर्ण थांबून महिना झाल्याशिवाय ते कमी करू नये, आणि मूल टॉयलेट शिकण्याच्या वयात असेल तर शिकून होईपर्यंत चालू ठेवावे. मात्रा ठरवायची ती डॉक्टरांनीच.

घरोघरी चालणारा एक उपाय मात्र थांबवायला हवा : साबणाचा तुकडा किंवा तेलात बुडवलेले विड्याच्या पानाचे देठ आत सरकवणे. त्या वेळी शी होते, पण ज्या जागेची मुलाला धास्ती आहे तिथेच पुन्हा एकदा सक्ती होते.

‘शी’ हा शब्दच मराठीत पंचाईत करतो. मुलाच्या शरीरातून येणारी ती ‘शी’, आणि नाक मुरडतानाही ‘शी!’ डायपर बदलताना ‘शी शी, घाण’ रोज ऐकणाऱ्या मुलाला ती लपवावीशी वाटली तर नवल नाही. टॉबमन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये पालकांच्या एका गटाला दोनच गोष्टी सांगितल्या होत्या : विष्ठेबद्दल किळसवाणे बोलू नका, आणि टॉयलेट शिकवण्याआधीच्या काळात मुलाने डायपरमध्ये शी केली तरी कौतुक करा. नकार देणाऱ्या मुलांचे प्रमाण त्याने घटले नाही, पण नकार लवकर संपला. शब्द बदलता येत नसेल तर निदान तोंडावरचे भाव बदलावेत.

मग दिनक्रम कसा?

वरच्या घराचेच पाहू. पहिली गोष्ट, डायपर परत द्यायचा, तोही टोमणा न मारता. ‘हरलो’ असे वाटून पालक इथेच अडतात. पण मुलाच्या शरीरातून काय बाहेर पडावे यावर ताबा मुलाचाच असतो. ज्या झुंजीत आई-वडील जिंकूच शकत नाहीत ती सोडून देणे शहाणपणाचे. डायपर मिळाला की मूल धरून ठेवत नाही, आणि मऊ शी न दुखता होत राहिली की आधीची आठवण पुसट होते.

बसण्याची वेळ सकाळची ठेवू नये. लोकल पकडायच्या घाईत कोणाचेच पोट साफ होत नाही. जेवल्यानंतर अर्ध्या तासात मोठ्या आतड्याची हालचाल आपोआप वाढते, त्याचा फायदा घ्यावा. या घरात दुपारच्या जेवणानंतर आजीसोबत आणि रात्रीच्या जेवणानंतर आईसोबत, एवढ्या दोन वेळा पुरेत. बसायचे पाच मिनिटे, कपड्यांसकट बसला तरी चालेल. मोबाइलवर पाच मिनिटांचा गजर लावावा. तो वाजला की उठायचे, शी झाली असो वा नसो. शाबासकी बसण्याला, निकालाला नाही.

पाय लोंबकळत असतील तर मुलाला कळ देता येत नाही. कमोडवर छोटी सीट बसवावी आणि पायांखाली पाट किंवा स्टूल द्यावे, गुडघे कमरेपेक्षा थोडे वर यायला हवेत. उकिडवे बसणे खरे तर शौचाला सोयीचे. पण चाळीतल्या भारतीय संडासात पायऱ्यांमधले अंतर मोठ्यांच्या मापाचे असते, मुलाला तोल जाऊन आत पडू असे वाटते. तिथे जमिनीवर ठेवायचा छोटा पॉट बरा. फ्लशच्या आवाजाला मूल दचकत असेल तर ते बाहेर गेल्यावर फ्लश करावा.

डायपरपासून पॉटपर्यंत एकदम उडी नको. आधी डायपर घालून दाराआडऐवजी बाथरूममध्ये. ते सवयीचे झाले की डायपर घालूनच पॉटवर. मग डायपर सैल करून किंवा मागे भोक पाडून, आणि शेवटी डायपर फक्त पॉटमध्ये पसरून. एकेका पायरीला आठवडा लागेल, कधी दोन. मुलाने तीन-चार दिवस पुन्हा धरून ठेवले तर पायरी घाईने चढली असे समजून एक पायरी मागे यावे.

बोलणे जितके कमी तितके चांगले. दर पंधरा मिनिटांनी ‘शी आली का?’ विचारणे बंद. ‘बसशील का?’ या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच येणार. त्याऐवजी ‘जेवण झालं, बसायची वेळ झाली. निळा पॉट की कमोड?’ तरीही नाही म्हणाला तर ‘बरं, रात्री बसू’ म्हणून विषय संपवायचा. चड्डी भरली तर ‘चल, बदलू या’, बस्स. आजी एक बोलते आणि आई दुसरे, असे होत असेल तर ही वाक्ये दोघींनी आधी ठरवून घ्यावीत. या साऱ्यात सर्वांत अवघड काम बहुधा हेच.

शाळेची तारीख आणि डॉक्टरांची वेळ

‘डायपर नसेल तरच प्रवेश’ ही काही पूर्वप्राथमिक शाळांची अट या प्रश्नात तेल ओतते. तारीख लावून सैल होणारे हे स्नायू नाहीत. मोठ्यांच्या मापाची स्वच्छतागृहे, कडी न लागणारी दारे आणि ‘आत्ता नाही, मधल्या सुट्टीत’ असे सांगणाऱ्या शाळा मुलांना उलट धरून ठेवायला शिकवतात. पालकांनी बाईंना एवढेच सांगावे : मागेल तेव्हा जाऊ द्या, चड्डी खराब झाली तर वर्गासमोर बोलू नका, बदलायचे कपडे दप्तरात आहेत.

काही लक्षणे मात्र या दिनक्रमात बसत नाहीत. जन्मानंतर पहिली शी ४८ तासांनंतर झाली असेल, बद्धकोष्ठता पहिल्या महिन्यापासूनच असेल, पोट फुगून उलट्या होत असतील, वजन वाढत नसेल किंवा पायांत अशक्तपणा दिसत असेल तर वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. शू करताना जळजळ किंवा शिकलेली शू पुन्हा सुटणे, हेही दाखवण्याजोगे. साठलेल्या मळाचा दाब मूत्राशयावर येतो आणि लघवीचा संसर्ग होऊ शकतो.

सगळे सुरळीत झाल्यावर गणपतीत गावी गेल्यावर मूल पुन्हा डायपर मागू शकते. जागा नवी, संडास अंगणापलीकडे, घरात वीस माणसे. प्रवासात पिशवीत घरचा पॉट न्यावा, औषध चुकवू नये, दोन डायपर सोबत ठेवावेत आणि मागितला तर द्यावा. परतल्यावर जेवणानंतरची पाच मिनिटे पुन्हा सुरू.