संमतीची नोंद दाखवा!

न मागितलेल्या सेवेचे पैसे कापले म्हणून ग्राहकाने मोबाइल कंपनीला फोन केला, की पलीकडून ठरलेले उत्तर येते: ‘सर, सेवा तुमच्याच नंबरवरून सुरू झाली आहे.’ जणू नंबर ग्राहकाचा म्हणजे इच्छाही त्याचीच! मोबाइल डेटावर एखादे पान उघडले की कंपनीचे नेटवर्क ग्राहकाचा नंबर परस्पर त्या पानाच्या चालकाला कळवू शकते. नंबर टाइप करावा लागत नाही. जाहिरात बंद करायला गेलेले बोट चुकले, तरी ‘मागणी’ नोंदवली जाते.

हे ओळखूनच दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने जुलै 2013 मध्ये दुहेरी संमती सक्तीची केली. एकदा होकार पुरेसा नाही. दुसरा होकार सेवा विकणाऱ्याच्या हाती न ठेवता वेगळ्या यंत्रणेतून घ्यायचा. म्हणजे वाद झाला तर बघायचे एवढेच, की दुसऱ्या होकाराची नोंद आहे की नाही.

प्रत्यक्षात ग्राहकाला ती कोणी दाखवत नाही. समजा, एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या प्रीपेड बॅलन्समधून दर आठवड्याला 30 रुपये गेम्सच्या नावाने जात आहेत. चार आठवड्यांनी, 120 रुपये गेल्यावर, ते त्यांच्या लक्षात येते. 155223 या टोल-फ्री क्रमांकावरून सेवा बंद होते. सेवा संमतीविना सुरू झाल्याचे 24 तासांच्या आत कळवले तर पैसेही परत मिळतात. पण 24 तासांत ध्यानात येणार कोणाच्या? मुदत अशी, की चोरी झाल्याचे कळण्याआधीच तक्रारीची खिडकी बंद व्हावी! मग कॉल सेंटर ‘सेवा बंद केली’ म्हणून तक्रार निकाली काढते आणि 120 रुपये कंपनीकडेच राहतात.

इथेच ग्राहकाने थांबू नये. तक्रारीचा डॉकेट क्रमांक जपून ठेवावा. त्याच तक्रारीत दोन्ही होकारांची तारीख, वेळ आणि माध्यम लेखी मागावे. उत्तर टोलवाटोलवीचे आले तर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे 30 दिवसांत दाद मागता येते. त्याला शुल्क नाही. एकेका ग्राहकाची तक्रार ट्राय स्वतः सोडवत नाही, हेही ध्यानात असावे. ग्राहक आयोगाचा रस्ता मात्र खुला आहे. टेलिग्राफ कायद्याच्या आडोशाने तो बंद करण्याचा एका बड्या मोबाइल कंपनीचा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये फेटाळला.

तरीही 120 रुपयांसाठी आयोगाची पायरी कोण चढणार? याच हिशेबावर हा धंदा चालतो. तेव्हा ट्रायने नियम उलटा करावा. दुसऱ्या होकाराची नोंद कंपनीने ठरल्या मुदतीत ग्राहकाला दिली नाही, तर पहिल्या दिवसापासूनची सगळी वजावट, ग्राहकाने न मागता, परत जमा झाली पाहिजे.