रिकामा डबा

ढोलाचा ठेका थांबला आणि मॅडमनी टाळी वाजवली. "सगळ्या आपापल्या जागी उभ्या राहा. कोणी हलायचं नाही. मला रांग बघू दे."

इंदूरच्या त्या कॉलेजच्या हॉलमध्ये बारा मुली घूंघट ओढून उभ्या राहिल्या. युवा उत्सवासाठी माळव्याचं मटकी नृत्य बसवायचं चाललं होतं. ऑक्टोबरचा उकाडा होता, त्यात दीड तासाची प्रॅक्टिस झाली होती आणि दोन पंख्यांपैकी एक बंद होता. केतकी पहिल्या रांगेत डावीकडून दुसरी उभी होती. ही जागा तिला पंधरा दिवसांपूर्वीच मिळाली होती.

आधी तिला एकामागून एक जांभया आल्या. मग कानात शिट्टी वाजू लागली, हातांना गार घाम सुटला आणि मॅडमचा आवाज विहिरीतून आल्यासारखा दूर गेला. "मॅडम, मला..." एवढंच ती बोलली आणि खाली कोसळली.

एकच गलका झाला. शिपाई कांदा आणायला धावला. कोणीतरी ग्लुकोजचं पाणी कालवून तिच्या तोंडाला लावू लागलं. मॅडमनी ग्लास बाजूला सारला. "शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात काही घालू नका, श्वासनलिकेत जाईल. लांब व्हा, वारा येऊ द्या." त्यांनी घूंघट काढला, केतकीला सपाट निजवलं आणि तिचे पाय उचलून ढोलाच्या पेटीवर ठेवले. मिनिटभरात तिने डोळे उघडले. मैत्रिणीने मायेने तिला लगेच उठवून बसवलं, तर पुन्हा डोळ्यांपुढे अंधारी आली. मग मात्र मॅडमनी तिला वीस मिनिटं पडूनच ठेवलं.

संध्याकाळी आई तिला घेऊन कॉलनीतल्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. "साखर कमी झाली असणार हो," आईने आधीच निदान करून टाकलं. बाईंनी बोट टोचून साखर पाहिली. 81 निघाली, म्हणजे अगदी ठीक.

"मग?" आई गोंधळली.

बाईंनी केतकीला झोपवून रक्तदाब घेतला. वरचा आकडा 104 आला. तिला उभं करून तीन मिनिटांनी घेतला तेव्हा तो 82 झाला, आणि नाडी 78 वरून 118 वर गेली.

"चक्कर नाचता नाचता आली की थांबल्यावर?"

"थांबल्यावर. रांगेत उभी होते."

"छातीत धडधड, दुखणं? घरात तरुण वयात अचानक कोणी गेलंय?"

दोन्हींची उत्तरं नाही अशी आली. तरीही बाईंनी ईसीजी काढला, तो सरळ होता. "ऐन नाचाच्या भरात पडली असती, तर मी हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं असतं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी पाळीची चौकशी केली आणि विचारलं, "आज सकाळपासून लघवीला किती वेळा गेलीस?"

"एकदाच. सकाळी." केतकी खाली बघत म्हणाली.

"आणि खाल्लंस काय?"

"पोळी-भाजीचा डबा नेला होता की," आईच बोलली. "रोज नेते. चाटूनपुसून रिकामा येतो."

केतकीने ओठ दाबले. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा येत राहिला.

"मी खात नाही, आई. गेटवरच्या रामदीनकाकांना देते."

"कधीपासून?"

"पंधरा दिवस झाले."

कोणीतरी मोबाईलवर प्रॅक्टिसचं चित्रण केलं होतं. त्यात आपण शेजारणीच्या दुप्पट दिसतो, असं केतकीच्या मनाने घेतलं होतं. तेव्हापासून सकाळी कोरा चहा, अकराला कॅन्टीनचा चहा, दुपारी काही नाही आणि रात्री अर्धी पोळी, असा क्रम चालला होता. प्यायल्यावर पोट फुगतं म्हणून पाणीही घोटभरच. दहा दिवसांत काटा तीन किलोंनी उतरला, तेव्हा तिला स्वर्ग दोन बोटं उरला होता.

"त्यातलं बरंचसं पाणीच होतं गं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उपाशी राहिलं की शरीर यकृतातला साठा मोडतं आणि साखर सावरून धरतं. म्हणून ती 81 आली. पण तो साठा पाण्याला धरून असतो. साठा गेला की पाणीही जातं. वर जेवणातलं मीठ नाही, घाम गेला, पाणी प्यायली नाहीस. नाचताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत होते. तू पुतळ्यासारखी उभी राहिलीस आणि रक्त पायांत साचलं. आधीच थोडं असलेलं रक्त मेंदूपर्यंत पोचेना. शरीराने तुला आडवं केलं, म्हणजे ते पोचलं."

दुसऱ्या दिवशी रक्ताचा अहवाल आला. हिमोग्लोबिन 9.2 होतं. बायकांमध्ये ते 12 तरी असावं लागतं. ही घसरण काही पंधरा दिवसांची नव्हती. सकाळच्या घाईत नाश्ता टाळायचा आणि जेवणाला लागून चहा प्यायचा, ही सवय अकरावीपासूनची. चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही.

बाईंनी लोहाची रोज एक गोळी लिहून दिली. गोळीच्या आगेमागे तासभर चहा घ्यायचा नाही, शौचाला काळी होईल त्याला घाबरायचं नाही, आणि हिमोग्लोबिन ठीक झालं तरी पुढे तीन महिने गोळी थांबवायची नाही, असं बजावलं. प्रॅक्टिसच्या दोन तास आधी पोटभर नको, पण नीट खायचं. लिंबू पिळलेले पोहे आणि मूठभर शेंगदाणे चालतील. अर्ध्या अर्ध्या तासाने पाणी. रांगेत उभं राहावं लागलं तर टाचा वर-खाली करत राहायचं, आणि जांभया, शिट्टी सुरू झाली की लाज न बाळगता जमिनीवर बसायचं, नव्हे, आडवंच व्हायचं.

"आणि आठवडाभर नाच बंद."

केतकीचे डोळे भरून आले. स्पर्धा बारा दिवसांवर होती.

घरी परतताना आई रिक्षात एक शब्द बोलली नाही. रागावली असती तर बरं, असं केतकीला वाटलं. रात्री आजी ताटाशी बसून राहिली. केतकी निम्मं जेवली तेव्हा ती म्हणाली, "हळूहळू खा. पंधरा दिवसांचं एका रात्रीत नको." पंधरा दिवस आक्रसलेल्या पोटाला खरंच दोन पोळ्या जड गेल्या.

मॅडमनी तिची जागा दुसऱ्या कोणाला दिली नाही. तो आठवडा केतकी भिंतीला टेकून ठेके मोजत बसली आणि दुपारी मॅडमच्या समोर डबा उघडू लागली. तीन दिवसांत काटा दीड किलोने वर चढला, तेव्हा तिची पुन्हा घालमेल झाली. "पाणी परत आलं," असं स्वतःशी म्हणत तिने काटा पलंगाखाली सरकवला. तरीही नंतर एकदोनदा तो काढून पाहिलाच.

आठव्या दिवशी ती रांगेत उभी राहिली. लुगड्याच्या घेरात टाचा वर-खाली होत होत्या, त्या कोणाला दिसल्या नाहीत. स्पर्धेत संघाला दुसरा क्रमांक मिळाला. महिन्याने हिमोग्लोबिन 10.4 झालं. गोळ्या अजून चालू आहेत.

गेटवर रामदीनकाकांनी एकदा विचारलं होतं, "बिटिया, आजकल टिफिन नहीं?" केतकी संकोचली. ते घरी कळलं तेव्हा आईने दुसऱ्या दिवसापासून डब्याशेजारी चार पोळ्यांचं वेगळं पुडकं ठेवायला सुरुवात केली.

आणि त्या मंगळवारी केतकीचा डबा घरी आला, त्यात अर्धी पोळी आणि थोडी गवारीची भाजी उरली होती. "आज गवार नाही आवडली मला," ती चपला काढता काढता म्हणाली. एरवी उरलेल्या डब्यावरून चार शब्द सुनावणारी आई ओट्यापाशी उभी राहिली आणि ती गार पोळी भाजीसकट तिथेच खाऊन टाकली.