ग्रुप प्रोजेक्ट म्हणजे सावड, इर्जिक नव्हे!

ग्रुप प्रोजेक्ट म्हटलं की दोघं राबणार, बाकीचे मम म्हणणार, हे ठरलेलंच. मग सबमिशनच्या आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर भांडण. पण तेव्हा वाटून घ्यायला काम उरलेलंच नसतं, उरतो फक्त राग.

आपल्याकडे शेतात दोन पद्धती आहेत. इर्जिकीत गावकरी मदतीला येतात, शेतमालक जेवण देतो, हिशेब नसतो. सावडीत मात्र आज तू माझ्या शेतात, उद्या मी तुझ्या. बैलजोडी असणारा आणि नसणारा दोघंही सावड करतात, कारण बैलांच्या बदल्यात माणसाचं काम किती, हे आधीच ठरतं. माझं म्हणणं एवढंच, की प्रोजेक्टला सावडीचा हिशेब लावा.

आमच्या वर्गातला एक ग्रुप घ्या. पाच जण, विषय भूम तालुक्यातल्या खवा भट्ट्या, दहा मिनिटांची डॉक्युमेंटरी. शूटिंगला तिघंच गेले. चौथी परंड्याकडच्या खेड्यातली, संध्याकाळची एसटी चुकली की घरी जायची सोय नाही. पाचवा नुसता ‘हो, करतो’ म्हणायचा. तिघांनी दोघांनाही ‘कामचुकार’ ठरवलं.

शेवटी सगळ्या कामांची यादी कागदावर आली, तेव्हा कळलं की दीड तासाच्या मुलाखती लिहून काढायला कुणीच नाही. एक तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला चार-पाच तास सहज जातात. म्हणजे हे काम शूटिंगच्या एका दिवसाएवढं, आणि घरी बसून होणारं. चौथीने ते घेतलं. तिची अडचण एसटीची होती, आळसाची नव्हती.

पाचव्याने व्हॉइस-ओव्हर मागितला. बाकीचे म्हणाले, ‘ते तासाभराचं काम आहे, सोबत रिपोर्टची दोन प्रकरणं घे. पहिली चार पानं बुधवारी दाखव.’ बुधवारी दोनच पानं आली. एक प्रकरण दुसऱ्याकडे गेलं आणि ‘कुणी काय केलं’ या पानावर तसंच लिहिलं गेलं. नाव कापलं नाही, खोटंही लिहिलं नाही. बुधवार ठरला नसता, तर हे शेवटच्या रात्री कळलं असतं.

यात एक मेख आहे. तास मोजले तर प्रत्येकाला आपलेच जास्त वाटतात. कॅनडात मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी 1979 मध्ये हेच मांडलं. आपण केलेलं आपल्याला नीट आठवतं, दुसऱ्याचं तेवढं आठवत नाही. म्हणून तास नकोत, दाखवता येईल असं काम मोजा. किती मिनिटं उतरवली, किती पानं लिहिली.

सरांनीही ते ‘कुणी काय केलं’ पान मागावं आणि थोडे मार्क त्यावर ठेवावेत. सगळ्यांना सारखेच मार्क मिळणार असतील, तर पाचव्याने बुधवार पाळायचा तरी कशाला?