माशाचे काटे आणि पाच 'का?'

तर झालं असं, की सहा महिन्यांत आमच्या टीमच्या सहापैकी पाच रिलीज उशिरा गेल्या. कधी चार दिवस, कधी नऊ. क्लायंट वैतागला, साहेबांनी 'रूट कॉज' शोधायचं फर्मान काढलं आणि एका शुक्रवारी दुपारी आम्ही आठ जण फळ्यासमोर बसलो.

फळ्यावर मासा काढला. डोक्यात 'उशिरा डिलिव्हरी', काट्यांवर माणसं, पद्धत, साधनं, रिक्वायरमेंट वगैरे. अर्ध्या तासात तीसेक चिठ्ठ्या चिकटल्या. आणि मग काय केलं असेल? मतदान! 'एस्टिमेट चुकतात' ही चिठ्ठी बहुमताने निवडून आली. मग पाच 'का?'. रिलीज उशिरा का? टेस्टिंग उशिरा संपलं. का? उशिरा सुरू झालं. का? कोडिंग लांबलं. का? एस्टिमेट चुकलं. का? एस्टिमेट करायला कुणी शिकवलंच नाही. झालं, सापडलं मूळ! दोन दिवस ट्रेनिंग झालं, समोसे खाऊन झाले. पुढची रिलीज सात दिवस उशिरा.

आता सगळे म्हणतात की ही फिशबोन वगैरे थेरं आपल्याकडे चालत नाहीत. मला हे अजिबात पटत नाही. चूक माशाची नाही, आपण त्याची निवडणूक केली ही चूक आहे. इशिकावांचा मासा म्हणजे संशयितांची यादी. संशयिताला मतदानाने फाशी देत नाहीत, आधी पुरावा बघतात.

पाच 'का?'चंही तेच. टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी दिलेलं उदाहरण बघा. मशीन बंद का पडलं? लोड वाढून फ्यूज उडाला. लोड का वाढला? बेअरिंगला तेल कमी पडलं. का? पंप तेल नीट ओढत नव्हता. का? त्याचा शाफ्ट झिजला होता. का? गाळणी नसल्यामुळे धातूचा कीस आत गेला. यातलं प्रत्येक उत्तर मशीनपाशी जाऊन डोळ्यांनी बघता येतं. आमच्या पाच उत्तरांपैकी एकही कुणी जाऊन बघितलेलं नव्हतं. एसीत बसून पाच वेळा अंदाज केला, इतकंच.

म्हणून एका शनिवारी मी त्या सातव्या रिलीजची २३ तिकिटं उघडली आणि कुठलं तिकीट कुठल्या अवस्थेत किती दिवस पडून होतं ते लिहून काढलं. कोडिंगचं एस्टिमेट ६१ दिवसांचं, प्रत्यक्षात लागले ६६. म्हणजे २३ तिकिटांत मिळून पाच दिवस. पण 'कोड तयार' आणि 'टेस्टिंग सुरू' यांच्यामध्ये प्रत्येक तिकीट सरासरी चार दिवस नुसतं बसून होतं. कुणीही काहीही करत नव्हतं! आमच्या माशावर 'थांबणं' नावाचा काटाच नव्हता, कारण थांबण्यात कुणाचाच हात दुखत नाही.

आता या जागेवरून 'का?' विचारा. तिकिटं का थांबली? डेटाबेस बदलला की टेस्ट सर्व्हरवर नवा डेटा लागतो, आणि तो फक्त गुरुवारी भरला जायचा. गुरुवारीच का? क्लायंटच्या ग्राहकांची नावं-नंबर हाताने झाकायला डीबीएचा अख्खा दिवस जायचा. हाताने का? स्क्रिप्ट जुन्या टेबलांसाठी लिहिलेली होती. दुरुस्त का नाही केली? ते काम ना आमच्या प्लॅनमध्ये, ना डीबीएच्या. टेस्टिंगमध्ये एक बग निघाला की थेट पुढचा गुरुवार. चारच 'का?' झाले, पाच भरलेच पाहिजेत असं काही नाही.

हे कारण खरंच आहे की मलाही बरं वाटणारा अंदाज? दोन परीक्षा घेतल्या. एक, साखळी उलटी वाचून प्रत्येक पायरीला 'म्हणून' जोडलं. जुळलं. दुसरी जास्त महत्त्वाची: जी एकच रिलीज वेळेवर गेली, तिचंही उत्तर या कारणातून मिळायला हवं. मिळालं! त्या महिन्यात डेटाबेसमध्ये काहीच बदल नव्हता. 'एस्टिमेट चुकतात' या उत्तराला ही परीक्षा पास होताच आली नसती, कारण एस्टिमेट करणारे लोक तेच होते.

स्क्रिप्ट दुरुस्त करायला दोन दिवस लागले. पुढच्या तीन रिलीजपैकी दोन वेळेवर गेल्या. तिसरी एक दिवस उशिरा, कारण क्लायंटने शेवटच्या आठवड्यात रिक्वायरमेंट बदलली. म्हणजे 'मूळ कारण' एकच असतं हेही खोटं. 'का?'ची साखळी एकाच फांदीवरून खाली जाते, दुसरी फांदी तशीच राहते. बाकीचे काटे तपासायला मासा लागतो तो याचसाठी.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी फळ्यावर मासा दिसला तर प्रत्येक काट्यापुढे एकच प्रश्न विचारा: "हे कुणी, कुठे बघितलं?" आणि शेवटचं उत्तर एखाद्या माणसाचं नाव किंवा 'ट्रेनिंग' निघालं, तर समजा की अजून एक 'का?' विचारायचा राहिलाय.