लिबियाच्या ठरावात न लिहिलेली तारीख

प्रति,
माननीय परराष्ट्रमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली



2028-29 या दोन वर्षांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेवर अस्थायी सदस्य म्हणून निवडून येण्याचा भारताचा इरादा आपण जाहीर केला आहे. ती जागा मिळावी असे मलाही वाटते. पण तिथे पुन्हा बसण्याआधी आपल्या मंत्रालयाने एक जुना कागद काढून वाचावा, एवढ्यासाठी हे पत्र. तो कागद म्हणजे 17 मार्च 2011 चा ठराव क्रमांक 1973. लिबियातल्या नागरिकांच्या रक्षणासाठी 'आवश्यक ते सर्व उपाय' करण्याची परवानगी त्याने सदस्य देशांना दिली. ठरावाच्या बाजूने 10 मते पडली, विरोधात एकही नाही. रशिया, चीन, जर्मनी, ब्राझील आणि भारत तटस्थ राहिले.

एखादे सरकार स्वतःच्याच लोकांची कत्तल करत असेल तर बाहेरच्यांनी शस्त्र घेऊन मध्ये पडावे का? या वादातली दोन्ही बाजूंची खरी भीती लिबियाच्या प्रकरणात एकत्र सापडते. 1994 साली रवांडात सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली, आणि कत्तल ऐन भरात असताना सुरक्षा परिषदेने तिथली शांतिसेना वाढवण्याऐवजी अडीच हजारांवरून 270 वर आणायचे ठरवले. त्या लाजेतून 2005 च्या जागतिक शिखर परिषदेत 'संरक्षणाची जबाबदारी' हे तत्त्व मान्य झाले. वंशसंहार, युद्धगुन्हे, वांशिक उच्चाटन आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे यांपासून लोकांना वाचवणे हे आधी त्या-त्या राज्याचे काम. ते त्यात उघडपणे अपयशी ठरले तर सुरक्षा परिषदेमार्फत इतरांचे. भारताने या तत्त्वाला मान्यता दिली ती मोठ्या अनिच्छेने, आणि त्या अनिच्छेमागचा इतिहास समजण्यासारखा आहे. 'रानटी' प्रथांपासून रयतेला वाचवायला आलो, असे म्हणणारे राज्यकर्ते आपण भोगले आहेत.

तरीही बेंगाझीच्या लोकांची भीती आधी नीट समजून घ्यायला हवी. फेब्रुवारी 2011 मध्ये तिथे लोक रस्त्यावर उतरले ते फतही तेरबिल या वकिलाच्या अटकेमुळे. 1996 साली त्रिपोलीच्या अबू सलीम तुरुंगात सुमारे 1200 कैदी मारले गेल्याचे मानले जाते. त्या कैद्यांच्या कुटुंबांचा हा वकील. गद्दाफीची राजवट ठार मारून वर्षानुवर्षे गप्प बसू शकते, हे त्या शहरातल्या कितीतरी घरांना ठाऊक होते. म्हणून गल्लीगल्लीतून, घराघरातून बंडखोर शोधून काढू अशी भाषा त्याने टीव्हीवर केली तेव्हा लोकांनी ती पोकळ धमकी मानली नाही. अरब लीगने 12 मार्चला स्वतःहून उड्डाणबंदी मागितली. 19 मार्चला फ्रेंच विमानांनी बेंगाझीच्या वेशीवर रणगाड्यांचा ताफा उद्ध्वस्त केला. त्या दिवशी बेंगाझीत राहणाऱ्या माणसाला सार्वभौमत्वावर व्याख्यान देण्याचे धाडस माझ्यात नाही.

दुसरी बाजूही कच्ची नाही. ब्रिटनच्या संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीने सप्टेंबर 2016 मध्ये अहवाल दिला आणि नागरिकांवरचा धोका फुगवून सांगितला गेला, उपलब्ध माहिती नीट तपासली गेली नाही, असा ठपका आपल्याच सरकारवर ठेवला. गद्दाफीच्या सैन्याने त्याआधी परत घेतलेल्या शहरांत सरसकट कत्तल झाली नव्हती, हा टीकाकारांचा मुद्दा त्या अहवालातही आहे. बेंगाझीत काय झाले असते हे आता कुणीच सिद्ध करू शकत नाही. हस्तक्षेप यशस्वी झाला की टळलेली कत्तल दिसत नाही, फक्त बॉम्ब दिसतात. समर्थकांची ही अडचण खरी आहे. पण त्याच कारणाने त्यांना कधी खोटेही पाडता येत नाही.

माझा स्वतःचा कौल सांगतो: तो ताफा थांबवणे योग्य होते. चूक झाली ती त्यानंतर, आणि तिची मुळे ठरावाच्या मजकुरातच होती.

ठरावाने परकीय फौजांचा ताबा स्पष्ट शब्दांत नाकारला. पण कारवाई कधी संपणार, हे कुठेच लिहिले नाही. सुरक्षा परिषदेच्या कामकाजात या मौनाचा एक ठरावीक परिणाम होतो. परवानगी द्यायला नऊ मते लागतात आणि पाचांपैकी कुणाचाही नकाराधिकार पडता कामा नये. मुदत नसलेली परवानगी मागे घ्यायची तर पुन्हा नवा ठराव, पुन्हा नऊ मते, आणि आता नकाराधिकार बॉम्बफेक करणाऱ्यांच्या हातात. म्हणजे 17 मार्चनंतर फ्रान्स, ब्रिटन किंवा अमेरिका यांपैकी एकाचीही इच्छा नसेल तर कारवाई थांबवण्याचा मार्गच उरला नव्हता. नकाराधिकार उलटा फिरतो तो असा.

पुढे काय झाले ते पाहा. 31 मार्चला नाटोने सूत्रे घेतली. 10 एप्रिलला आफ्रिकी संघाचे नेते युद्धबंदीचा आराखडा घेऊन त्रिपोलीत गेले. गद्दाफीने तो मान्य केल्याचे त्यांनी सांगितले. बेंगाझीतल्या बंडखोरांनी दुसऱ्याच दिवशी तो फेटाळला, कारण त्यात गद्दाफीने जावे असे नव्हते. ठराव 1973 चे पहिलेच कलम तात्काळ युद्धबंदीची मागणी करते. पण जी बाजू आकाशातून जिंकत होती, तिच्यावर युद्धबंदीसाठी दबाव आणण्याची कुणाला घाई नव्हती. त्याच आठवड्यात ओबामा, कॅमेरून आणि सार्कोझी यांनी एकत्र लेख लिहिला: गद्दाफीला बळाने हटवणे हे आमचे काम नाही, पण तो सत्तेवर असलेल्या लिबियाचे भवितव्य कल्पनेतही येत नाही. तो ठराव असाही वाचता येतो, हे त्या लेखाने जगाला दाखवले. जूनमध्ये फ्रान्सने नफूसा डोंगरातल्या बंडखोरांना विमानातून शस्त्रे टाकल्याचे मान्य केले. शस्त्रबंदी लागू होती, तरी ठरावातल्या एका उपवाक्याने तिला सूट मिळते, असा त्यांचा दावा.

ऑगस्टमध्ये त्रिपोली पडले. मग धोका कुणाला होता? बंडखोरांच्या ताब्यातल्या मिस्राता शहरातील सशस्त्र टोळ्यांनी शेजारचे तावर्घा हे काळ्या लिबियन लोकांचे गाव रिकामे केले. गद्दाफीच्या बाजूने लढल्याचा आरोप ठेवून सुमारे 40,000 माणसांना हाकलले, घरे जाळली. त्यांचे रक्षण करायला कुणी विमान पाठवले नाही. कारवाई 31 ऑक्टोबरला संपली, गद्दाफी 20 ऑक्टोबरला सिर्तमध्ये मारला गेल्यावर. मिस्राताच्या नागरिकांना गद्दाफीच्या तोफांपासून वाचवले हे खरे, आणि मिस्राताच्या बंदुकांपासून तावर्घाला वाचवले नाही हेही खरे. संरक्षण हे ध्येय असते तर दोन्ही ठिकाणी एकच नियम लागला असता.

समर्थक इथे विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे: ज्याच्यापासून लोकांना वाचवायचे तोच सत्तेवर राहिला तर वाचवणार किती काळ? मुदत घातली तर हुकूमशहा नुसता दिवस मोजत बसेल. याला माझ्याकडे सोपे उत्तर नाही, पण उदाहरण आहे. 1991 पासून उत्तर इराकच्या आकाशात उड्डाणबंदी होती, तिचा कायदेशीर आधारही वादग्रस्त होता, आणि सद्दाम 2003 पर्यंत बगदादमध्ये बसून होता. त्या काळात कुर्दांच्या भागात त्यांचा स्वतःचा कारभार उभा राहिला. हे रक्षण महाग, कंटाळवाणे आणि अर्धवट होते. लिबियात मात्र झटपट निकाल हवा होता. तो मिळाला आणि मग राज्यच उरले नाही. 2014 पासून देशात दोन सरकारे भांडत राहिली, आणि लिबियातून बाहेर पडलेली शस्त्रे 2012 मध्ये मालीच्या वाळवंटात बंडाच्या कामी आली. 'नंतरच्या दिवसाचे' नियोजन न करणे ही आपली सर्वांत मोठी चूक, हे खुद्द ओबामांनी 2016 मध्ये कबूल केले.

आता आपल्या मताविषयी. तटस्थ राहताना आपल्या प्रतिनिधींनी जे प्रश्न विचारले ते अचूक होते: जमिनीवरच्या परिस्थितीची विश्वसनीय माहिती कुठे आहे, महासचिवांच्या दूताचा अहवाल का आला नाही, कारवाईत कोण, कोणत्या साधनांनी उतरणार? पुढे जे बिघडले ते या प्रश्नांच्याच उत्तरांत बिघडले. पण प्रश्न विचारून आपण हात खाली ठेवला आणि ठराव होता तसाच मंजूर झाला. नऊ मते जमली की तटस्थता कुणाला अडवत नाही, आणि मजकुरातला एक शब्दही बदलत नाही.

त्या मुदतहीन ठरावाचा भुर्दंड सीरियाने भरला. 4 ऑक्टोबर 2011 रोजी सीरियाच्या सरकारला फक्त इशारा देणारा ठराव आला, तेव्हा लिबियाचा दाखला देत रशियाने नकाराधिकार वापरला, सोबत चीननेही. भारत पुन्हा तटस्थ. फेब्रुवारी 2012 मध्ये आपण सीरियावरच्या ठरावाला मत दिले, पण तोवर कुणी कुणावर विश्वास ठेवण्याची वेळ निघून गेली होती. हस्तक्षेप न झालेल्या सीरियात लिबियापेक्षा कितीतरी अधिक माणसे मेली. हा हस्तक्षेपविरोधकांनी गिळावा असा कडू घास आहे, आणि मीही तो गिळतो.

आपला स्वतःचा 1971 चा अनुभव इथे उपयोगी पडावा. एक कोटीच्या आसपास निर्वासित आपल्या हद्दीत होते, तरी डिसेंबरमध्ये आमसभेने 104 विरुद्ध 11 मतांनी युद्धबंदी आणि सैन्यमाघारीची मागणी केली. बहुसंख्य जगाच्या मते आपण चूक होतो. तरी ती कारवाई आज इतकी वेगळी का वाटते? निवडणूक जिंकलेले नेतृत्व ढाक्यात परत येऊन कारभार घेऊ शकत होते, आणि आपली फौज मार्च 1972 मध्ये परतली. शेवट दिसत होता. लिबियाच्या ठरावात जे नव्हते तेच इथे होते.

म्हणून विनंती अशी. नोव्हेंबर 2011 मध्ये ब्राझीलने 'संरक्षण करतानाची जबाबदारी' नावाचे टिपण मांडले होते: बळाचा वापर शेवटचाच उपाय असावा, त्याने होणारे नुकसान टाळायच्या नुकसानापेक्षा मोठे नसावे, आणि परवानगी घेणाऱ्यांनी परिषदेला हिशेब द्यावा. पाश्चात्त्य देशांनी ते थंडपणे बाजूला सारले आणि ब्राझीलनेही पुढे त्याचा पाठपुरावा सोडला. भारताने ते पुन्हा उचलावे, आणि त्यात एक कलम स्वतःचे घालावे: बळ वापरण्याची कोणतीही परवानगी 90 दिवसांनी आपोआप संपेल; वाढवायची तर नव्याने नऊ मते मिळवावी लागतील. शांतिसेनांच्या मुदती याच पद्धतीने वाढवल्या जातात, त्यात नवे काही नाही. मुदतीअखेर लष्करी लक्ष्यांची आणि नागरी मृत्यूंची नोंद परिषदेपुढे ठेवली पाहिजे. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने नाटोच्या हल्ल्यांत मेलेल्या किमान 72 नागरिकांची नोंद केली. ती करायला एका खासगी संस्थेला गावोगाव फिरावे लागले.

हे कलम मान्य झाले तर भारताने असा ठराव अडवू नये, आणि गरज पडली तर बाजूने मत द्यावे. नाकारले गेले तर विरोधात मत द्यावे, एकटे पडलो तरी. मतदानाची वेळ येण्याआधी, 2027 मध्येच, ही भूमिका मंत्रालयाने लेखी जाहीर करावी, म्हणजे मते मागायला जाणाऱ्या आपल्या राजदूतांच्या हातात ती असेल आणि आपल्याला मत देणाऱ्या देशांनाही ती आधीच वाचता येईल.

कळावे,
आपला नम्र,
एक मतदार