कात्री कुठे लावायची?

सिरसाळ्याला बसून आम्ही ऊसतोडीवर एक लेख लिहिला. अठराशे शब्द झाले. संपादकांचे पत्र आले, बाराशेत बसवा. सोबत एक सल्ला होता, जो मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाने कधीतरी ऐकलेला असतो: उदाहरणे आधी काढा, मुद्दे तसेच राहू द्या. या सल्ल्याशी आमचे भांडण आहे.

आम्ही तो आधी प्रामाणिकपणे पाळून पाहिला. लेखात पाच मुद्दे होते. उचल घेतली की मजूर हंगामभर बांधला जातो. कोयता म्हणजे जोडपे, पण हिशेब नवऱ्याच्या नावावर, बाईचे श्रम वहीत वेगळे दिसत नाहीत. मुलांची शाळा सुटते. साखरेच्या राजकारणाने पाण्याची वाट लावली. आणि आपल्या समाजातल्या मजुरांची दखल कोणी घेत नाही. उदाहरणे काढल्यावर हे पाचही मुद्दे बाराशे शब्दांत आरामात बसले. मग लेख वाचला, तर तो आमचा वाटेना. जिल्ह्यातला कोणताही पुढारी सभेत हेच बोलतो, आणि लोक टाळ्या वाजवून घरी जातात.

काय गेले होते? एकच पाहू. शेजारच्या खाला फडावर दोन दिवस तापाने पडल्या. नवरा दोन्ही दिवस तोडत होता. तरी मुकादमाने पुऱ्या कोयत्याचे दोन खाडे लावले आणि पैसे उचलीतून वळते केले. कारण तोडणारा एकटा असला, तर मोळी बांधणार कोण आणि गाडी भरणार कोण? म्हणजे बाईचे काम वहीत नाही, पण तिची गैरहजेरी आहे. हे वाक्य आम्हाला खालांच्या हकिकतीतून सुचले. हकिकत काढली आणि वाक्य तेवढे ठेवले, तर ते शब्दांचा खेळ वाटते. वाचक विचारतो, हे कशावरून?

म्हणून आम्ही उलटे केले. पाण्याचा मुद्दा काढला आणि समाजाच्या दखलीचाही काढला. दोन्ही खरे आहेत, पण त्यांच्या पोटात आमच्याकडे स्वतःचे काही नव्हते, ऐकीव विधानेच होती. यात चारशेच्या वर शब्द गेले. उरलेले उदाहरणांच्या आतून काढले. खालांची हकिकत एकशे चाळीस शब्दांची होती. त्यात थंडी होती, पाचटाची कोपी होती, आमची हळहळ होती. ताप, दोन दिवस, नवरा हजर, खाडे दोन, एवढे ठेवले तेव्हा ती साठीत आली आणि जास्त बोचू लागली. उदाहरण बारीक करता येते, मुद्दा बारीक केला की त्याची घोषणा होते.

बाबासाहेबांचे लाहोरचे न झालेले भाषण पाहावे. १९३६ साली जात-पात-तोडक मंडळाला त्यातला काही मजकूर गाळून हवा होता. बाबासाहेबांनी नकार दिला, सभा रद्द झाली, भाषण त्यांनी स्वतः छापले. तिथे प्रश्न लांबीचा नव्हता, पण रचना आमच्या कामाची आहे. राजकीय सुधारणा आधी म्हणणाऱ्यांना उत्तर देताना ते आरंभीच गावे मोजतात. कविठा गावात मुलांना शाळेत घालण्याचा हक्क, झनूमध्ये धातूची भांडी, चकवाऱ्यात स्वतःच्या पैशाच्या जेवणावळीत वाढलेले तूप. यातले कोणते गाळाल? चकवारा गाळला, तर गरिबी हटली की भेद हटेल असे म्हणणारा सुटतो, कारण तिथे तूप विकत घेण्याची ऐपत होती. तिन्ही गाळले, तर पुढचे प्रश्न हवेत लटकतात.

आता विरुद्ध बाजू. एका खालांवरून साऱ्या फडांचा कायदा सिद्ध होत नाही, हे आम्हाला मान्य आहे. किती जणींचे खाडे पडतात असा वाद असेल, तर आकडाच लागेल, हकिकत पुरणार नाही. दोन उदाहरणे एकच गोष्ट दाखवत असतील, तर एक बिनदिक्कत उडवावे. आम्हीही शाळेच्या मुद्द्याखालच्या दोन पोरांपैकी एक काढलाच. आणि मुद्दा काढला की त्याचे 'त्यामुळे', 'म्हणूनच' मागे राहतात, ते शोधून काढावे लागतात. आमच्या एका परिच्छेदाची सुरुवात 'त्यामुळेच' अशी राहिली होती, आणि वर काहीच नव्हते. ही चूक मोठ्याने वाचल्यावरच सापडली.

उदाहरण ठेवायचे की नाही, हे आम्ही असे ठरवतो: ते हाताने झाकायचे आणि वरचे वाक्य वाचायचे. 'असे नसेल' म्हणण्याची सोय वाचकाला उरली, तर उदाहरण राहते. सगळेच मान करणार असतील, तर जाते.

लेख तीन मुद्द्यांनिशी छापून आला. पाण्याचा मुद्दा वहीत पडून आहे. त्याच्यासाठी एखादी विहीर, एखादे शेत सापडेपर्यंत तो तिथेच राहील.