कपाट जांबोटीला जाणार नव्हतं

टिळकवाडीतला फ्लॅट सोडून जांबोटीच्या सासरघरी कायमचं राहायला जायचं ठरलं, तेव्हा पहिला प्रश्न माणसांचा नव्हता, सामानाचा होता. वीस वर्षांचा संसार. घर लहान वाटत होतं ते सामानामुळे, हे कपाटं रिकामी करायला घेतली तेव्हा कळलं. "सगळं टेंपोत घाला, तिथं जागा हाय की," असं घरातली पुरुषमंडळी म्हणाली. पण जांबोटीत जागा असली तरी पाऊसही आहे. मलप्रभा जिथं उगम पावते ती कणकुंबी तिथून पुढंच, त्यामुळे जूनपासून भिंतींना ओल येते, मीठ पाघळतं आणि लोखंडाला चार दिवसांत तांबेरा चढतो. तिथं काय टिकेल आणि काय टिकणार नाही, हे आधी ठरवावं लागतं.

आमचं मोठं कपाट प्लायवूडचं आहे असं मी वर्षानुवर्षं समजत होते. सुताराला दाखवल्यावर तो म्हणाला, "वैनी, हे प्लाय नव्हे, भुशाचा बोर्ड हाय." लाकडाचे तुकडे आणि भुसा गोंदात दाबून केलेला बोर्ड, वरून चकचकीत कागदासारखं सनमायका. समोरून पाणी लागलं तरी फारसं काही होत नाही. ओल शिरते ती कडांतून, तळातून आणि पाठीमागच्या न झाकलेल्या बाजूनं. एकदा शिरली की बोर्ड फुगतो, आणि वाळला तरी पूर्वीसारखा होत नाही. आणखी एक गोष्ट सुतारानं सांगितली, ती मला ठाऊक नव्हती. असल्या बोर्डातला स्क्रू एकदा काढला की त्याच भोकात पुन्हा घट्ट बसत नाही. म्हणजे कपाट सुटं करून टेंपोत घालायचं, तासाभराच्या रस्त्यावर हादरवत न्यायचं, तिथं पुन्हा जोडायचं, आणि पहिल्याच पावसाळ्यात दार लोंबकळताना बघायचं. त्यापेक्षा ते न सोडवता, उभंच्या उभं, चार पावलांवर कुणाच्या घरी गेलं तर अजून दहा वर्षं सुखानं उभं राहील. असल्या वस्तूला आपल्याच इमारतीतला शेजारी हाच सगळ्यांत चांगला धनी.

इमारतीचा व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप आहेच. पाणी कधी येणार, कुणाची गाडी आडवी लागलीय, एवढ्यासाठीच तो चालतो. मी उत्साहानं लिहिलं, "आम्ही घर सोडतोय, काही जुनं सामान द्यायचं आहे, कुणाला हवं असेल तर सांगा." चार जणांनी हात जोडल्याची चित्रं टाकली, दोघांनी "मिस यू" म्हटलं आणि संपलं! सामान मागितलं कुणीच नाही. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या अक्कांना विचारलं तर त्या म्हणाल्या, "काय हाय ते कळलंच नाही की. आणि काही जुनं म्हटलं की भंगार वाटतं."

त्यांचं खरं होतं. माणूस आपल्या घरात नवी वस्तू आणताना पहिलं हे बघतो की ती मावते का, आणि दुसरं की ती चालते का. ही दोन्ही उत्तरं मी दिलीच नव्हती. मग टेप घेऊन बसले. कपाटाची उंची ७८ इंच, रुंदी ३६, खोली २० भरली. आमच्या लिफ्टचं दार मोजलं तर तेही उंचीला ७८! म्हणजे लिफ्टनं जाणार नाही, जिन्यानंच, आणि चार माणसं लागतील. हे मेसेजमध्येच लिहून टाकलं, कारण वस्तू पसंत पडल्यावर ती नेता येत नाही असं कळलं की घेणारा चिडतो आणि देणारा ओशाळतो. शेवटी असा मेसेज झाला:

"नमस्कार मंडळी. आम्ही ३० तारखेला घर सोडतोय. पुढचं सामान फुकट द्यायचं आहे. १) कपड्यांचं कपाट, भुशाच्या बोर्डाचं, ७८ × ३६ × २० इंच. दार नीट, तळाला एका कोपऱ्यात थोडं फुगलंय (फोटो पाहा). लिफ्टमध्ये मावत नाही. न सोडवता न्यावं. २) फ्रिज, एकदारी, १९० लिटर, २०११ चा. थंड व्यवस्थित होतो. भाजीचा ट्रे चिरलाय. येऊन चालू बघून घ्या. ३) प्लास्टिकच्या खुर्च्या ४. जो ग्रुपवर आधी लिहील त्याचं. रविवारी संध्याकाळपर्यंत न्यावं, नाही तर पुढच्याला. नेण्याची माणसं आपापली. यारिगादरू बेकाद्र हेळ्री."

शेवटची कन्नड ओळ मुद्दाम घातली. आमच्या इमारतीत निम्म्या घरांत मराठी आणि निम्म्यांत कन्नड, आणि बहुतेकांत दोन्ही. वाचता दोन्ही येतं, पण आपल्या भाषेत एक वाक्य दिसलं की हे आपल्याला म्हटलंय असं वाटतं. फोटो काढतानाही एक धडा मिळाला. मी आधी कपाटाचे समोरून सुरेख फोटो टाकले होते. फुगलेल्या कोपऱ्याचा फोटो टाकल्यावरच विचारणा सुरू झाली. दोष दिसला म्हणजे लपवलेलं काही नाही, असं लोकांना वाटत असावं.

कपाट दुसऱ्या मजल्यावरच्या नव्या जोडप्यानं नेलं, दोन मजले खाली, चौघांनी. फ्रिजचं मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण चालणारा फ्रिज देता देता बिघडवणं फार सोपं आहे.

देण्याआधी तो खरंच नीट आहे का, हे मीच तपासलं. दाराच्या रबराची परीक्षा कागदानं होते. कागदाची पट्टी दारात अडकवून दार लावायचं आणि पट्टी ओढायची. ती अडखळत आली तर रबर ठीक. सहज सुटून आली तर तिथून गार हवा बाहेर जाते, मोटार जास्त वेळ चालते आणि विजेचं बिल वाढतं. अशा पट्ट्या चारही बाजूंना लावून बघायच्या. आमच्या फ्रिजला खालच्या कोपऱ्यात पट्टी ढिली आली. तेही ग्रुपवर लिहिलं. रबर बदलून मिळतं, मेस्त्रीला विचारलं की झालं.

नेण्याच्या आदल्या रात्री फ्रिज बंद करून बर्फ वितळू द्यायचा, आणि दार थोडं उघडं ठेवायचं. ओला आणि बंद राहिला तर दोन दिवसांत आत काळी बुरशी येते आणि तो वास महिनाभर जात नाही. नेताना फ्रिज उभाच न्यायचा. आडवा केला तर मोटारीतलं तेल गॅसच्या नळ्यांत शिरतं, आणि लगेच चालू केला तर मोटारीवर ताण येतो. उभा नेला असेल तरी जागेवर ठेवून दोनतीन तास थांबून मग बटण लावावं. आडवा न्यावाच लागला, तर एक दिवस उभा ठेवून मगच लावायचा. आणखी एक. फ्रिजच्या मागच्या पाटीवर गॅसचं नाव असतं. आमच्यावर आर-१३४ए होतं. नव्या बऱ्याच फ्रिजांत आर-६००ए असतो. तो जळणारा गॅस आहे, म्हणून असल्या फ्रिजच्या नळीला घरी कुणी चाकूसुरीनं खरवडून बर्फ काढू नये. भंगारवाला तर तांब्याच्या लोभानं नळी कापतो आणि गॅस सरळ हवेत सोडून देतो. आर-१३४ए जळत नाही, पण हवा तापवायला तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक हातभार लावतो. म्हणून चालणारा फ्रिज मोडीत घालण्यापेक्षा तो कुणाच्या तरी घरात चालत राहिलेला बरा.

जे चालत नाही त्याची गत वेगळी. माळ्यावर जुना, डबा टीव्ही होता आणि इन्व्हर्टरची बॅटरी. टीव्ही कुणी घेतला नाही, आणि घ्यावा अशी माझी अपेक्षाही नव्हती. त्याच्या जाड काचेत शिसं असतं, तो फोडायचा नसतो. बॅटरीत तर शिसं आणि तेजाब दोन्ही. ही दोन्ही ग्रुपवर टाकलीच नाहीत. ई-कचऱ्याचे नवे नियम २०२३ च्या १ एप्रिलपासून लागू आहेत आणि बॅटरीचे २०२२ पासून. त्यांत जुना माल परत घेऊन मोडीत काढण्याची व्यवस्था करणं उत्पादकांवर टाकलंय. आपल्याला त्यातलं एवढं उपयोगी की बॅटरीच्या दुकानात जुनी दिली तर नव्याच्या किमतीत वजावट मिळते. मी तेच केलं, जांबोटीला नवी लागणारच होती. टीव्हीसाठी अधिकृत ई-कचरा घेणाऱ्याला फोन करून नेऊ दिला. गॅसचा सिलिंडर तर कुणाला देण्याची वस्तूच नव्हे. तो आपला नसतो, कनेक्शन बदलून घ्यायचं असतं. एका शेजाऱ्यानं मागितला, त्याला नाही म्हणावं लागलं आणि थोडं वाईटही वाटलं.

गादीही कुणी मागितली नाही. ढेकणांची भीती सगळ्यांनाच असते, आणि ती खोटी नसते. मी शिवणीत बघितलं, काळे ठिपके नव्हते. तरी लोकांना कसं पटवायचं? कापूस चांगला होता म्हणून पिंजाऱ्याकडून पिंजून घेतला. त्याच्या दोन उशा आता जांबोटीत आहेत.

आता फ्रिजची जी गोष्ट सांगायची राहिली ती. मेसेज टाकल्यावर तीन मिनिटांत तिसऱ्या मजल्यावरच्या अक्कांनी "मला हवा" लिहिलं. नियम मीच लिहिला होता, जो आधी लिहील त्याचा. त्यांच्या आईंना गावी द्यायचा होता, त्या शनिवारीच माणसं घेऊन आल्या. त्याच दिवशी जिना झाडणारी बाई वर आली आणि दारात उभी राहून म्हणाली, "फ्रिज होतेन्री, अक्का?"

महिनाभरापूर्वी, जायचं ठरलं त्याच आठवड्यात, तिनं मला विचारलं होतं. "देत असाल तर सांगा," एवढंच. मी हो म्हटलं होतं आणि पार विसरले. ती ग्रुपवर नाही. तिचा फोन साधा, आणि ग्रुप घरमालक आणि भाडेकऱ्यांचा. मी लिहिलेला नियम वाचायला ती कुठे असणार? अक्कांकडून फ्रिज परत मागणं शक्य नव्हतं, तो गाडीत चढलाही होता. मी तिला सरळ सांगितलं, माझी चूक झाली म्हणून. ती म्हणाली, "इरली बिड्री," आणि शेजारी ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांकडे बघितलं. चारपैकी दोघींना घेणारं कुणी आलं नव्हतं. त्या दोन्ही तिनं एकात एक घालून डोक्यावर घेतल्या. तिच्याबरोबर खाली गेले आणि उरलेल्या सामानाची यादी कागदावर, मोठ्या अक्षरात, वॉचमनच्या खोलीच्या दारावर लावली, मराठीत आणि कन्नडमध्येही. रविवारी सकाळपर्यंत मिक्सर, दोन पातेली आणि कपडे वाळवायचा स्टँड त्या कागदावरून गेले. न्यायला आलेल्यांपैकी तिघंजण ग्रुपवर नव्हते.